चिप्स लाल होतात पण कुरकुरीत होत नाहीत, नेमकं कुठे चुकतंय?

माजिवडा_मेघा | १२ सप्टेंबर, रात्री ९:४०

नवरात्रात मुलगा होस्टेलवरून चार दिवस घरी येतोय आणि जाताना डबा भरून बटाट्याचे चिप्स द्यायचेत. विकतचे नकोत, शेंगदाणा तेल आणि सैंधव घालून घरीच करायचेत कारण आम्हा दोघांचे नऊ दिवस उपास असतात. गेल्या दहा दिवसांत तीनदा करून पाहिले आणि तिन्ही वेळा फसले.

काय केलं ते सगळं लिहिते. बटाटे अर्धा किलो, सालं काढून वेफर्सच्या किसणीवर काप केले, दहा मिनिटं पाण्यात ठेवले, पंचावर पुसले, मोठ्या कढईत साधारण लिटरभर तेल घेऊन गॅस फुल ठेवून सगळे एकदम सोडले. दीड-दोन मिनिटांत कडा लालभडक झाल्या, काही तर काळपटच, म्हणून घाईने काढले तर मध्ये लिबलिबीत आणि चवीला चक्क कडवट. दुसऱ्या वेळी गॅस मंद केला, तर दहा मिनिटं तेलात पोहत राहिले, लाल झालेच शिवाय तेलकट आणि चामट. तिसऱ्या वेळी सुरीने काप केले तर ते अजून जाड झाले, त्याबद्दल न बोललेलं बरं.

मला सांगा की काप किती पातळ हवेत, पाण्यात किती वेळ ठेवायचे, तेल किती तापवायचं आणि किती मिनिटं तळायचं. आकडे सांगितलेत तर फार बरं होईल, "अंदाजाने" असं आईही सांगते आणि माझा अंदाज रोज वेगळा येतो.

निशिगंध | १२ सप्टेंबर, रात्री १०:१५

मेघा, हे स्टार्चमुळे होतं. दहा मिनिटं अजिबात पुरत नाहीत. बर्फाच्या पाण्यात निदान दोन तास ठेव, पाणी तीन-चारदा बदल, शेवटच्या पाण्यात तुरटीचा खडा फिरव. स्टार्च निघून गेला की लाल होण्याचा प्रश्नच संपला. आणि तेल कडकडीत हवं, धूर यायला लागला की मगच सोडायचे, नाहीतर तेल पितात. मी असेच करते आणि मस्त होतात.

शैला_मावशी | १३ सप्टेंबर, सकाळी ७:०५

मेघा बाळा, अगं आत्ता पावसात कुठे वेफर्स करायला घेतलेस. ते चैत्र-वैशाखातच करायचे. आम्ही कळव्याला चाळीत राहायचो तेव्हा गच्चीवर पाच-पाच किलोचे घालायचो. काप रात्रभर पाण्यात, सकाळी मोठ्या पातेल्यात पाणी उकळून त्यात मीठ आणि चिमूटभर तुरटीची पूड, त्यात काप टाकायचे आणि जरा पारदर्शक दिसायला लागले, बोटाने मोडून बघितलं तर वाकतात पण तुटत नाहीत, की लगेच चाळणीवर उपसायचे. मग जुन्या धोतरावर एकेक सुटा घालायचा. दोन कडक उन्हं दिली की खडखडीत होतात आणि वर्षभर टिकतात, हवे तेव्हा तळले की फुलतात. एकावर एक पडले तर चिकटतात तेवढं बघायचं.

माजिवडा_मेघा | १३ सप्टेंबर, सकाळी ८:२०

मावशी, वाळवणाचे मी उन्हाळ्यात नक्की करणार, ते उपसायचं कधी हे कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं. पण मला आत्ता कच्च्या कापांचे, डायरेक्ट तळायचे, दुकानात पिवळेधम्मक मिळतात तसे करायचेत.

निशिगंध, आज दोन तास भिजवून बघते.

ऐरोली_अजय | १३ सप्टेंबर, दुपारी १:३०

तेल धूर येईपर्यंत तापवण्याला माझा विरोध आहे. माझ्याकडे प्रोबचा थर्मामीटर आहे, मागच्या दिवाळीत मी प्रत्येक घाण्याला वाचन घेतलं होतं ते वहीतून काढून सांगतो.

लिटरभर तेल, घरचा मोठा बर्नर, तेल १७५ डिग्री. त्यात पाव किलो काप सोडले तर पाऊण मिनिटात तेल १२८ वर आलं आणि १५० ला परत जायला पाच मिनिटांच्या वर लागली. तोवर काप तेलात नुसते शिजत होते, ते शेवटी चामट झाले. तेवढ्याच तेलात १०० ग्रॅम सोडले तर १४५-१४८ च्या खाली गेलं नाही आणि तीन मिनिटांच्या आत घाणा निघाला.

कारण सरळ आहे, बटाट्यात पाऊणपेक्षा जास्त पाणीच असतं, आणि शंभर ग्रॅम कापातलं जवळजवळ ८० ग्रॅम पाणी वाफ करून उडवायचंय. ती उष्णता तुमच्या बर्नरने द्यायची आहे, आणि घरचा बर्नर दुकानाच्या भट्टीसारखा नाही. तेल आधी जास्त तापवून ठेवलं तर पहिल्या अर्ध्या मिनिटात कडा भाजतात आणि नंतर थंड तेलात मधला भाग राहतो, म्हणजे मेघाताईंना जे झालं तेच. अर्धा किलो एकदम टाकणं हीच माझ्या मते मूळ चूक. लिटरला शंभर ग्रॅम, एवढं पाळा.

माजिवडा_मेघा | १३ सप्टेंबर, रात्री ९:५५

आज दोन तास बर्फाच्या पाण्यात भिजवले, पाणी चारदा बदललं, शेवटचं पाणी अगदी स्वच्छ होतं. अजयदादांनी सांगितलं तसे थोडे थोडे सोडले. चिकटले नाहीत हे खरं, आणि आधीपेक्षा बरेच कुरकुरीत झाले, मधला लिबलिबीतपणा गेला. पण लाल मात्र झालेच!! म्हणजे बुडबुडे अजून जोरात येत असताना रंग चॉकलेटी व्हायला लागतो, थांबलं तर कडू, काढलं तर नरम. आता काय करू?

निशिगंध | १३ सप्टेंबर, रात्री १०:१०

तुरटी घातलीस का?

तुर्भे_काका | १३ सप्टेंबर, रात्री ११:२५

मी टीटीसी पट्ट्यात एका चिप्सच्या कारखान्यात एकवीस वर्षं फ्रायरवर होतो, आता रिटायर आहे. मेघाताई, उत्तर देण्याआधी तीन गोष्टी विचारतो. बटाटे घरी कुठे ठेवता? आणून किती दिवस झाले? आणि कच्चा काप चावून बघितलात तर किंचित गोड लागतो का?

माजिवडा_मेघा | १४ सप्टेंबर, सकाळी ७:३०

काका, फ्रिजमध्ये, खालच्या भाजीच्या ड्रॉवरमध्ये. बाहेर ठेवले की आठ दिवसांत मोड येतात म्हणून गेली दोन वर्षं मी तसंच करते. हे बटाटे आणून बारा दिवस झाले. आत्ता कच्चा काप चावून बघितला, हो, गोड आहे! माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

तुर्भे_काका | १४ सप्टेंबर, सकाळी १०:०५

मग मिळालं. तुमचा काप स्टार्चमुळे लाल होत नाहीये, साखरेमुळे होतोय.

बटाटा जिवंत असतो. तो तीन-चार डिग्रीत ठेवला की त्यातल्या स्टार्चची हळूहळू साखर व्हायला लागते, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ही साखर आणि बटाट्यातलीच अमिनो आम्लं तेलात तापली की रंग लाल-तपकिरी होतो आणि चव कडवट. पाणी उडायला तीन मिनिटं लागतात पण साखर दीड मिनिटातच लाल होते, म्हणून कुरकुरीत होण्याआधीच रंग पुढे निघून जातो. तेल कमी तापवा, जास्त तापवा, भांडण रंग आणि पाणी यांच्यातलंच राहतं आणि गोड बटाट्यात रंगच जिंकतो. कारखान्यात गाडी आली की आम्ही गोणीतले पाच-सहा बटाटे काढायचो, मधला एकेक काप तळायचो आणि रंग बघूनच गाडी आत घ्यायची की परत पाठवायची ते ठरायचं. घरी हेच करा. अख्खा घाणा चिरण्याआधी एक बटाटा कापा, मधला एक काप तळा. बुडबुडे बंद होईपर्यंत तो पिवळा राहिला तर बाकीचे घ्या.

निशिगंधताई, तुमचं अर्धं बरोबर आहे. धुण्याने कापलेल्या तोंडावरचा सुटा स्टार्च जातो, त्याने काप एकमेकांना चिकटत नाहीत आणि तेल गढूळ होत नाही. वरवरची थोडी साखरही जाते. पण गार पाणी पेशीच्या आतल्या साखरेला बाहेर काढू शकत नाही, दोन तास ठेवा नाहीतर रात्रभर. पाणी निवळ झालं की भिजवणं संपलं, त्याला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. आणि धुरावर आलेलं तेल नको, ते तेल तिथेच खराब व्हायला लागतं.

निशिगंध | १४ सप्टेंबर, सकाळी ११:४०

काका, पण मी दोन तास भिजवते आणि माझे खरंच पिवळे होतात, हे कसं मग?

तुर्भे_काका | १४ सप्टेंबर, दुपारी १२:१०

तुम्ही बटाटे बाहेर टोपलीत ठेवत असाल.

निशिगंध | १४ सप्टेंबर, दुपारी १२:३०

हो, टोपलीतच. बरं. पण तुरटीने कडकपणा येतो हे मी सोडणार नाही, माझ्या आईचा अनुभव आहे.

तुर्भे_काका | १४ सप्टेंबर, दुपारी १२:४५

तुरटीने काप घट्ट राहतो हे खरं आहे, मावशींच्या वाळवणात ती उपयोगी कारण काप उकळत्या पाण्यात घालायचा असतो, तिथे तो फुटू नये. डायरेक्ट तळायला मला कधी गरज लागली नाही, आणि जास्त झाली तर तुरट लागतात. रंगाशी तिचा संबंध नाही.

गाळा_नंबर_बारा | १४ सप्टेंबर, संध्याकाळी ५:५०

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला एका गाळ्यावर काम करतो, म्हणून थोडं लिहितो. फ्रिजमध्ये नाही ठेवला तरी या दिवसांत प्रॉब्लेम येऊ शकतो. नवा बटाटा जानेवारी ते मार्चमध्ये निघतो आणि त्यातला बराचसा कोल्ड स्टोरेजला जातो. आत्ता सप्टेंबरमध्ये आग्र्याकडून, गुजरातकडून जो येतोय तो सहा-सहा महिने गारठ्यात राहिलेला आहे. भाजीला काही फरक पडत नाही, चिप्सला पडतो.

दुकानदाराकडे "शुगर फ्री" बटाटा मागा. हा मार्केटचा शब्द आहे, म्हणजे जो दोन-चार डिग्रीत न ठेवता दहा-बारा डिग्रीत ठेवलाय आणि मोड येऊ नये म्हणून त्याला औषधाची धुरी दिलीय. वेफर्सवाले आणि फरसाणवाले तोच नेतात. जात विचारलीत तर चिप्सोना किंवा एलआर म्हणजे लेडी रोझेटा, ती लाल सालीची. पुखराज घेऊ नका, दिसायला मोठा आणि गुळगुळीत पण पाणी फार. किरकोळीत जात कुणी सांगत नाही, पण ओळखीच्या माणसाला विचारलं तर एखादी गोणी असते.

खारघर_किमया | १४ सप्टेंबर, संध्याकाळी ६:३०

अरे वा शुगर फ्री बटाटा! सासऱ्यांना डायबेटिस आहे, त्यांना हा चालेल ना मग? आणि एअर फ्रायरमध्ये होतील का हे चिप्स, कुणी केलेत का?

गाळा_नंबर_बारा | १४ सप्टेंबर, संध्याकाळी ६:४५

नाही ताई, नावावर जाऊ नका. स्टार्च त्यात तेवढाच, उलट साखर न झाल्यामुळे जरा जास्तच. पोटात गेल्यावर त्याचीही साखरच होते. ते नाव फक्त तळणाऱ्यांसाठी आहे.

माजिवडा_मेघा | १४ सप्टेंबर, रात्री ८:१५

म्हणजे दोन वर्षं मी बटाटे जपून ठेवतेय म्हणून समजत होते आणि हे होत होतं. काका, फ्रिजमध्ये अजून सव्वा किलो आहेत. त्यांचं काही होईल का की भाजीत संपवू? आणि जाडीबद्दल कुणीच बोललं नाही अजून.

तुर्भे_काका | १४ सप्टेंबर, रात्री १०:३०

दोन वाटा आहेत, एक सावकाश आणि एक लगेचची.

सावकाश वाट म्हणजे बटाटे आज बाहेर काढा, पुसून कोरडे करा, टोपलीत पसरा, वर गोणपाट टाका म्हणजे उजेड लागणार नाही आणि हवा लागेल. उजेड लागला तर हिरवे पडतात, हिरवा आणि कडू बटाटा खाऊ नये. घरातल्या नेहमीच्या तापमानाला दोन-तीन आठवडे राहिले की साखरेतली बरीचशी परत स्टार्चमध्ये जाते आणि काही बटाटा श्वासोच्छ्वासात खर्च करतो. कारखान्यातही मुक्कामाला आलेला माल असाच आठ-पंधरा दिवस उबेत ठेवून परत तळून बघायचो. पण सगळाच बटाटा सुधारतो असं नाही, फार महिने गारठ्यात राहिलेला किंवा म्हातारा झालेला नाही सुधारत. दर चार दिवसांनी एक काप तळून बघा, तोच सांगेल. मोड आले तर खुडून टाका.

लगेचची वाट गरम पाण्याची. काप गार पाण्यात धुऊन झाले की मोठ्या पातेल्यात दोन लिटर पाणी तापवा, उकळू द्यायचं नाही, तळाशी बारीक बुडबुडे धरतात आणि हात लावला तर चटका बसेल इतकं, म्हणजे ७५-८० डिग्री. त्यात काप तीन मिनिटं हलवत ठेवा, उपसा, लगेच गार पाण्यात टाका, ते पाणी फेकून द्या. गरम पाण्याने पेशीची भिंत सैल होते आणि आतली साखर बाहेर पडते, जे गार पाण्याने होत नाही. त्या पाण्यात दोन टेबलस्पून व्हिनेगर घातलं तर काप फुटत नाहीत. किंमत अशी की बटाट्याची चवही थोडी पाण्याबरोबर जाते आणि काप जरा जास्त तेल धरतो. म्हणून चांगल्या बटाट्याला हे करायचं नाही, फक्त गोड झालेल्याला.

आता जाडी. दीड मिलिमीटर. याहून पातळ, एक मिलिमीटरच्या आत गेलात तर लगेच करपतो आणि तेल जास्त पितो कारण पातळ कापाला अंगाच्या मानाने तोंडं जास्त. दोनच्या वर गेलात तर मधलं पाणी निघेपर्यंत कडा लाल. मोजायचं कसं, तर दहा काप एकावर एक रचा आणि शाळेच्या पट्टीने मोजा, पंधरा मिलिमीटर भरले पाहिजेत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सारखेपणा. दीडऐवजी पावणेदोन झाला तरी चालेल, पण एकाच घाण्यात एक जाड आणि पाच पातळ नकोत. किसणीवर बटाटा संपत आला की हात दबकतो आणि शेवटचे काप जाड-पातळ होतात, ते भाजीला बाजूला काढा.

ऐरोली_अजय | १४ सप्टेंबर, रात्री १०:५०

दहा कापांची युक्ती छान आहे, मी व्हर्नियर घेऊन बसलो होतो.

काका, एक विचारतो. शेवटच्या अर्ध्या मिनिटात तेलाचं तापमान आपोआप भराभर चढतं, १५० वरून १७० ला, ते कशामुळे? माझे बरेच चिप्स त्याच वेळी गेले.

तुर्भे_काका | १४ सप्टेंबर, रात्री ११:१०

पाणी संपत आलं म्हणून. आधी बर्नरची सगळी उष्णता वाफ करण्यात जात होती, ती आता तेलात राहते. म्हणून बुडबुडे निम्मे झाले की गॅस मध्यम करा. तोवर फुलच ठेवा. मिनिटं मोजू नका, आवाज ऐका. आधी मोठा सळसळ आवाज असतो, मग तो बारीक होत जातो, आणि झाऱ्याने हलवलं की काप एकमेकांवर खडखड वाजतात. बुडबुडे जवळजवळ थांबले की त्याच क्षणी काढा. कुरकुरीत चिप्समध्ये शंभरात दोनच भाग पाणी उरलेलं असतं, पाच-सहा राहिलं तरी वाकतो.

माजिवडा_मेघा | १५ सप्टेंबर, सकाळी ७:५०

काका, उपासाला आमच्याकडे व्हिनेगर चालत नाही. लिंबू चालेल का त्या गरम पाण्यात?

तुर्भे_काका | १५ सप्टेंबर, सकाळी ८:३०

चालेल. दोन लिटरला दोन लिंबं पिळा, बिया गाळून. काहीच नाही घातलं तरी होतं, फक्त काप हळू हाताळा.

शैला_मावशी | १५ सप्टेंबर, सकाळी ९:१५

मिठाचं कुणी लिहिलं नाही. आमच्या शेजारचे वेफर्सवाले मिठाचं दाट पाणी करून तळताना शेवटी तेलातच सोडायचे चमचाभर, सगळ्या वेफर्सना सारखं मीठ लागतं. केळ्याच्या वेफर्सना तर मी अजून तसंच करते. वरून घातलेलं मीठ डब्याच्या तळाशी जातं.

तुर्भे_काका | १५ सप्टेंबर, सकाळी ९:५०

मावशी, दुकानाची कढई खोल असते, निम्मी रिकामी असते आणि माणूस हातभर लांब उभा असतो. घरच्या कढईत गरम तेलात पाणी गेलं की उसळून ओट्यावर, हातावर, गॅसच्या ज्वाळेवर येतं. मी घरी करू देणार नाही. मीठ मिक्सरमध्ये पिठासारखं बारीक करून घ्या आणि चिप्स झाऱ्यातून निघाल्या निघाल्या, अंगावर तेल ओलं असतानाच भुरभुरा, पडत नाही मग.

शैला_मावशी | १५ सप्टेंबर, सकाळी १०:२०

चाळीस वर्षं करतेय, कधी भाजलं नाही. बेताने सोडायचं असतं. आणि ती चव वरच्या मिठाला येत नाही हे मी सांगते.

निशिगंध | १५ सप्टेंबर, सकाळी १०:४०

मी मावशींच्या बाजूने. पण मुलं स्वयंपाकघरात असताना नाही करत.

माजिवडा_मेघा | १६ सप्टेंबर, रात्री १०:०५

आज सुट्टी घेऊन नीट केलं, सगळं लिहून ठेवलंय.

काल मार्केटमधून "शुगर फ्री" एक किलो मिळाला, ओळखीच्या भाजीवाल्याने आणून दिला. आधी दोघांचा एकेक काप तळला. फ्रिजवाला दोन मिनिटं होण्याआधीच तपकिरी, नवा शेवटपर्यंत पिवळा. शेजारी ठेवून बघितल्यावर मला अगदी हुरूप आला, कारण तेल तेच, जाडी तीच, गॅस तोच.

नवा बटाटा अर्धा किलो घेतला, सालं आणि टोकं जाऊन ४३० ग्रॅम राहिला. दहा काप रचून मोजले तर १६ मिलिमीटर भरले. तीन पाणी धुतले, वीस मिनिटं ठेवले, चाळणीत निथळले, मग दोन पंच्यांमध्ये पसरून दाबून कोरडे केले, या वेळी एकही थेंब दिसला नाही. लिटरभर शेंगदाणा तेल, अजयदादांच्या सांगण्यावरून थर्मामीटर आणलाय, १७५ ला शंभर-शंभर ग्रॅमचे घाणे, एकेक करून सुटे सोडले. पहिला घाणा दोन मिनिटं पन्नास सेकंद. पुढचे तीन मिनिटांच्या आसपास. मधल्या वेळात तेल परत १७५ ला येऊ दिलं. खडखड आवाज खरंच येतो!! शेवटी १३५ ग्रॅम चिप्स झाले, सगळे पिवळे, मोडताना टक्कन तुटतात. नवऱ्याने निम्मे उभ्या उभ्या संपवले.

फ्रिजवाल्यातले पाव किलो गरम पाण्यातून काढले, लिंबू घालून. रंग बराच सुधारला, फिकट सोनेरी, कडू नाहीत, कुरकुरीत आहेत. पण बटाट्याची चव कमी आहे, काका म्हणाले तशी. बाकीचा किलो गोणपाटाखाली गेला.

एक कळलं नाही. नव्या बटाट्यातही काही कापांना एकाच बाजूला तपकिरी चंद्रकोर आली, बाकीचा काप पिवळा. हे तेलामुळे की अजून काही?

तुर्भे_काका | १६ सप्टेंबर, रात्री ११:००

छान जमलं. चंद्रकोर तेलामुळे नाही. बटाटा वेलाला जिथे जोडलेला असतो त्या टोकाला कधी कधी साखर जास्त साठते, शेतात उन्हाचा किंवा पाण्याचा ताण पडला असेल तर विशेष. उभे लांब काप केलेत की ते टोक प्रत्येक कापात येतं. आडवे गोल काप करा आणि त्या टोकाचा बोटभर तुकडा आधीच उडवा, मग उरलेल्यात दिसणार नाही.

रंगाचं एवढ्यासाठीही सांगतो की गोड बटाटा लाल तळला की त्यात अॅक्रिलामाइड जास्त तयार होतं. २००२ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी ते तळलेल्या बटाट्यात दाखवलं आणि त्यानंतर कारखान्यात आमचा रंगाचा तक्ता अजून कडक झाला. पिवळा निघाला तर काढा, लाल झालेले निवडून टाकून द्या.

खारघर_किमया | १६ सप्टेंबर, रात्री ११:२०

एअर फ्रायरचं कुणी सांगेल का? मी दोनदा केले, काही करपतात काही ओले राहतात.

ऐरोली_अजय | १७ सप्टेंबर, सकाळी ८:००

किमया, मी एकदाच केलेत. काप एकावर एक असतील तर हवा मध्ये जात नाही, आणि एका थरात ठेवले तर एवढेसेच होतात. १५० डिग्रीला हलवत हलवत वीस मिनिटं लागली, कुरकुरीत झाले पण तळलेल्यासारखे हलके नाहीत, पापडासारखे कडक. याहून चांगलं कुणाला जमलं असेल तर मलाही हवंय.

माजिवडा_मेघा | १९ सप्टेंबर, रात्री ९:१५

कालपासून डब्यातले चिप्स किंचित मऊ झालेत. डबा घट्ट होता. पाऊस सुरूच आहे इकडे, घोडबंदरला तर भिंतीही ओल्या. गरम असताना झाकण लावलं होतं का ते आठवत नाही.

तुर्भे_काका | १९ सप्टेंबर, रात्री १०:००

गरम भरले असतील तर त्यांचीच वाफ आत राहिली. नसतील भरले तर डबा दिवसातून चारदा उघडला जातोय, या हवेत तेवढं पुरतं. तळल्यावर पंख्याखाली नको, कागदावर पसरून पूर्ण गार होऊ द्या, हाताला अजिबात ऊब लागता कामा नये, मग भरा, पण तासन् तास उघडेही ठेवू नका. मोठा एक डबा करण्यापेक्षा छोट्या चार पिशव्या करून तोंड सील करा, एक संपली की दुसरी. मऊ झालेले ओव्हनमध्ये शंभर डिग्रीला पाच-सात मिनिटं ठेवा, परत कुरकुरीत होतील, परत तळू मात्र नका.

गाळा_नंबर_बारा | २० सप्टेंबर, सकाळी ६:२०

मेघाताई, मुलगा जायच्या आदल्या दिवशी ताजे तळा ना, बटाटा मी सांगून ठेवतो. आधीच्या दिवशी कळवा, किती किलो ते.

माजिवडा_मेघा | २० सप्टेंबर, सकाळी ७:४५

दोन किलो. त्यातून अर्धा किलोच्या वर चिप्स व्हायला हवेत हिशोबाने. गोणपाटाखालच्यातला आज एक काप तळला, अजून कडा लाल आहेत पण मधला भाग पिवळा राहिला, त्या दिवसापेक्षा नक्कीच फिका. परत चार दिवसांनी बघते.